ओडी आणि कॉलनी: जिवाणूंचा ग्रोथ कर्व्ह दोन्हींनी कसा काढायचा आणि वाचायचा

नागपुरात बीएस्सीच्या मुलांना मी मायक्रोबायॉलॉजीचं प्रॅक्टिकल शिकवते. ग्रोथ कर्व्हचा प्रयोग दरवर्षी होतो, आणि दरवर्षी पहिल्या पाऊण तासात कुणीतरी येऊन सांगतंच, "मॅडम, हे तर वाढूनच नाही राहिलं." त्या मुलाच्या वहीत कलरीमीटरचे तीन आकडे असतात: ०.०५, ०.०५, ०.०६. आकडे बरोबर असतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, कारण त्या पाऊण तासात पेशीच्या आत भरपूर काम चाललेलं असतं.

बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फक्त ओडीवर, म्हणजे ब्रॉथच्या गढूळपणावर करतात. मी पाच ठरावीक वेळांना प्लेटवर कॉलनीही मोजायला लावते. ओडी सांगते पेशींचं एकूण वस्तुमान साधारण किती. कॉलनी सांगतात त्यातल्या किती पेशी अजून विभागू शकतात. हे दोन आकडे सारख्या वेगाने वाढत किंवा घटत नाहीत. लॅग, लॉग, स्टेशनरी आणि डेथ या चारही टप्प्यांत पेशीचं काय होतं, ते त्यांच्यातल्या तफावतीवरून कळतं. म्हणून पुढची सगळी पद्धत त्या तफावतीभोवती मांडली आहे.

आदल्या संध्याकाळी

रोगकारक नसलेला ई. कोलायचा प्रयोगशाळेतला स्ट्रेन घ्या. ताज्या प्लेटवरची एकच कॉलनी १० मिली न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये सोडा आणि रात्रभर ३७ अंशांवर शेकरवर ठेवा. सकाळी हे इनोक्युलम चांगलं गढूळ झालेलं असेल.

मुख्य प्रयोगासाठी ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली ब्रॉथ घ्या. फ्लास्क एक पंचमांशच भरायचा, कारण वरच्या रिकाम्या जागेतूनच पेशींना ऑक्सिजन मिळतो. तोच ब्रॉथ २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये भरला तर हवा कमी पडते, आणि अन्न शिल्लक असतानाच रेष वाकायला लागते. दर वाचनाला ३ मिली नमुना जातो, दिवसभरात चाळीसेक मिली सहज निघतात, म्हणून सुरुवातीला १०० मिली हवेतच. क्युव्हेटमधला नमुना परत फ्लास्कमध्ये ओतू नका.

ऑटोक्लेव्ह केल्यावर हा फ्लास्क रात्रभर ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवा. यात दोन फायदे आहेत. ब्रॉथ निर्जंतुक झाला नसेल तर सकाळी तो गढूळ दिसेल आणि दिवस वाया जाणार नाही. शिवाय ब्रॉथ कोमट असेल. डिसेंबरात नागपूरची सकाळ चांगलीच गार असते. फ्रिजमधून काढलेल्या गार ब्रॉथमध्ये इनोक्युलम टाकलं, तर ब्रॉथ तापण्यात जाणारी सगळी मिनिटं लॅगमध्ये मोजली जातात. मग वहीत लिहिलेला लॅग पेशींचा किती आणि गार ब्रॉथचा किती, हे सांगता येत नाही.

मे महिन्यात अडचण उलटी असते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. खोलीतच ४२ अंश असतील तर आतही निदान तेवढे होतात, डायल ३७ वर असला तरी. ई. कोलाय ४२ अंशांवर वाढतो, पण तो आकडा ३७ अंशांचा म्हणून लिहिता येत नाही. म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि त्यावर दिसेल तेच तापमान वहीत लिहा. थंड करणारा इन्क्युबेटर नसेल तर उन्हाळ्यात हा प्रयोग पहाटे सुरू करणं बरं.

सकाळी: इनोक्युलम किती टाकायचं

"एक टक्का टाका" असं मी सांगत नाही. आधी इनोक्युलमची ओडी मोजा. क्युव्हेटमध्ये नुसता निर्जंतुक ब्रॉथ घेऊन ६०० नॅनोमीटरवर (कलरीमीटर असेल तर त्याच्या जवळच्या लाल फिल्टरवर) ब्लँक शून्य करा. इनोक्युलम दहापट पातळ करून वाचा आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणा. आमच्या या खेपेच्या प्रयोगात २.५ आली. सुरुवात ०.०५ ओडीवर करायची होती, म्हणून १०० मिली ब्रॉथला २ मिली इनोक्युलम लागलं. ०.०५ च्या खाली गेलात तर साध्या कलरीमीटरला फरक कळत नाही, आणि खऱ्या लॅगमध्ये यंत्राचा आंधळेपणा मिसळतो.

इनोक्युलम टाकल्याचं मिनिट लिहा, फ्लास्क हलवा आणि लगेच पहिला नमुना काढा. पुढे दर २० मिनिटांनी. दर तासाला नमुना घेणं हे या प्रयोगाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. पेशी २९ मिनिटांत दुप्पट होत असतील तर तासभरात त्या चौपटीच्या पुढे जातात. मग अख्ख्या लॉग फेजच्या वाट्याला दोन बिंदू येतात, आणि दोन बिंदूंतून कुठलीही रेष सरळच जाते.

नमुना काढला की लगेच वाचा. कलरीमीटरपाशी रांग असेल तर नळी बर्फाच्या पाण्यात उभी करा. एका वर्षी एप्रिलअखेरीस माझ्या बॅचने नळ्या टेबलावरच स्टँडमध्ये ठेवल्या. कूलर बंद पडलेला, खोली तापलेली, वाचायला एकच यंत्र. सहा गटांनी सहा वेगळे दुप्पट होण्याचे वेळ काढले, १९ मिनिटांपासून ३८ पर्यंत. फ्लास्क सगळ्यांचा एकच होता. रांगेत उभ्या असलेल्या नळीतही पेशी वाढत होत्या, आणि रांगेतला प्रत्येकाचा वेळ वेगळा होता.

पावसाळ्यात बर्फातून काढलेल्या क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं. ते दिसत नाही, पण ओडी ०.०२-०.०३ ने वाढवतं, आणि सुरुवातीच्या आकड्यांत ही अर्धी चूक झाली. क्युव्हेट मऊ टिश्यूने पुसून लगेच वाचा.

ओडी ०.४ च्या वर गेली की नमुना निर्जंतुक ब्रॉथने पातळ करून वाचायचा आणि गुणायचं. गर्दी वाढली की एका पेशीने विखुरलेला प्रकाश दुसरी पेशी परत मार्गावर आणते, आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. आमचा २४ तासांचा नमुना न पातळ करता १.३ दाखवत होता. दहापट पातळ केल्यावर ०.२१, म्हणजे २.१ निघाला. पातळ न करणाऱ्याला स्टेशनरी फेज लवकर आल्यासारखी दिसते. ती यंत्राची मर्यादा असते, पेशींची नाही.

कॉलनी कधी आणि कशा

शून्य, ४० आणि १२० मिनिटांना, मग २४ आणि ९६ तासांना. १ मिली नमुना ९ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये, त्यातला १ मिली पुढच्या ९ मध्ये, अशा पाच नळ्या. २४ तासांच्या नमुन्याला सहा. प्रत्येक नळीला नवी टिप. जुन्याच टिपने पुढे गेलात तर आतल्या भिंतीला चिकटलेल्या पेशी पुढच्या नळीत उतरतात आणि शेवटचा आकडा फुगतो.

इथे बर्फ वापरायचा नाही. लॉग फेजमधल्या ई. कोलायच्या पेशी एकदम गार द्रवात टाकल्या तर त्यातल्या काही त्या धक्क्यानेच मरतात. सलाईन खोलीच्या तापमानाचं घ्या, आणि नमुना काढल्यापासून पाच मिनिटांत प्लेटवर पसरा. शेवटच्या नळीतला ०.१ मिली न्यूट्रिएंट अगारवर स्प्रेडरने पसरायचा, प्रत्येक वेळी दोन प्लेट. प्लेट उघडण्याआधी कूलर बंद करा. त्याच्या झोतात बर्नरची ज्योत वाकते आणि धूळ थेट अगारवर येते. उकाडा होतो, पण पाच मिनिटं सोसायचा.

दुसऱ्या दिवशी ३० ते ३०० कॉलनी असलेल्या प्लेटच धरा. शून्य मिनिटाला आमच्या दोन प्लेटची सरासरी ४८ आली. ०.१ मिलीतून आल्या म्हणून १० ने आणि पातळ केल्याच्या एक लाखाने गुणलं: एका मिलीत ४.८ कोटी. ४८ कॉलनींच्या मोजणीत सहा-सात इकडेतिकडे होणं नुसत्या योगायोगाने घडतं. म्हणून एका वेळी ४८ आणि दुसऱ्या वेळी ४३ आल्या तर "पेशी मेल्या" असं लिहू नका.

आमचे आकडे

ओडी अशी गेली: ० मिनिटाला ०.०५, २० ला ०.०५, ४० ला ०.०६, ६० ला ०.०८, ८० ला ०.१३, १०० ला ०.२१, १२० ला ०.३४, १४० ला ०.५२, १६० ला ०.७२. पाच तासांनी १.६. आणि प्लेट लावलेल्या वेळांना:

| वेळ | ओडी | एका मिलीत कॉलनी करणाऱ्या पेशी | दर एक ओडीमागे पेशी |
|---|---|---|---|
| ० मिनिट | ०.०५ | ४.८ कोटी | ९६ कोटी |
| ४० मिनिटं | ०.०६ | ४.७ कोटी | ७८ कोटी |
| १२० मिनिटं | ०.३४ | १९.६ कोटी | ५८ कोटी |
| २४ तास | २.१ | २१८ कोटी | १०४ कोटी |
| ९६ तास | १.८ | ३.१ कोटी | १.७ कोटी |

शेवटचा स्तंभ नीट पाहा. चारही टप्पे त्याच्यात आहेत.

लॅग: संख्या तीच, पेशी मोठ्या

पहिल्या ४० मिनिटांत पेशींची संख्या हलली नाही, ओडी मात्र किंचित वाढली. तेवढ्याच पेशी जास्त प्रकाश विखुरू लागल्या, म्हणजे त्या आकाराने मोठ्या झाल्या.

रात्रभर उपाशी राहिलेली पेशी ताज्या ब्रॉथमध्ये येते तेव्हा ती लहान आणि आखूड असते. तिचे बरेचसे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, दोन-दोन जोडून बंद करून ठेवलेले असतात. तिचा डीएनए डीपीएस नावाच्या संरक्षक प्रथिनाने गुंडाळलेला असतो. विभागण्याआधी तिला हे सगळं उघडावं लागतं. जोडलेले रायबोसोम सुटे होतात, नवे बनायला लागतात, अमिनो आम्लं आत ओढणारी प्रथिनं पेशीच्या आवरणात बसतात, लोहासारखे धातू आत घेतले जातात, आणि ऑक्सिजनमुळे झालेली इजा दुरुस्त होते. पेशी पुरेशी मोठी झाली की मगच पहिली विभागणी होते.

लॅग किती हे पेशी कुठून आली आणि कुठे आली यावर ठरतं. लॉग फेजमधली पेशी त्याच तापमानाच्या त्याच ब्रॉथमध्ये टाकली तर लॅग जवळजवळ दिसतच नाही, कारण तिची सगळी यंत्रणा आधीच चालू असते. मुलांना हे पटत नसेल तर मी १०० मिनिटांच्या फ्लास्कमधूनच थोडा कल्चर दुसऱ्या कोमट फ्लास्कमध्ये टाकायला सांगते. तिथे पहिल्या वीस मिनिटांतच ओडी चढते.

लॉग: सरळ रेष कुठून कुठपर्यंत

साध्या आलेखावर वक्र दिसेल, त्यावरून काही ठरवू नका. ओडीचा लॉग घेऊन वेळेसमोर मांडा. कॉम्प्युटरवर करत असाल तर A स्तंभात मिनिटं, B मध्ये ओडी, पहिली ओळ शीर्षकाची, आणि C मध्ये लॉग:

```
=LN(B2)
=SLOPE(C5:C8,A5:A8)
=LN(2)/SLOPE(C5:C8,A5:A8)
```

ओळी ५ ते ८ म्हणजे आमची ६०, ८०, १०० आणि १२० मिनिटं. उतार मिनिटाला ०.०२४ आला आणि दुप्पट होण्याचा वेळ २८.८ मिनिटं. हाताने ताळा करा: ८० मिनिटांना ०.१३, १०० ला ०.२१, म्हणजे १.६२ पट. १०० ते १२० मध्येही १.६२ पट. वीस-वीस मिनिटांच्या टप्प्यांत पट सारखी राहते तोपर्यंतच लॉग फेज. १२० ते १४० मध्ये ती १.५३ वर आली, १४० ते १६० मध्ये १.३८ वर. म्हणून १४० चा बिंदू मी उतारात धरला नाही. आलेख डोळ्यांना अजून चढता दिसतो, आणि मुलं इथेच फसतात. १६० पर्यंतचे सगळे बिंदू घेतले तर दुप्पट होण्याचा वेळ विनाकारण वाढतो.

लॅगही याच रेषेवरून काढायचा. सरळ रेष मागे वाढवा आणि ती ०.०५ ला कुठे भेटते ते पाहा. ६० मिनिटांना ०.०८ होती. ०.०५ पासून ०.०८ पर्यंत जायला या वेगाने २० मिनिटं लागली असती. म्हणजे लॅग ४० मिनिटांचा.

आता तक्त्यातला १२० मिनिटांचा आकडा पाहा. दर ओडीमागे ५८ कोटी, सगळ्या जिवंत टप्प्यांतला सगळ्यात कमी. ओडी सुरुवातीच्या जवळपास सातपट झाली, पेशी चारपटच. इथल्या पेशी सगळ्यात मोठ्या आहेत. पेशी जितकी वेगाने वाढते तितकी ती आकाराने मोठी असते आणि तिच्यात रायबोसोम जास्त असतात, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी १९५८ मध्ये साल्मोनेलावर दाखवलं. कारण समजायला सोपं आहे: वेगाने वाढायचं तर प्रथिनं वेगाने हवीत, आणि त्यासाठी रायबोसोम जास्त हवेत.

डीएनएचा हिशोब मला स्वतःला या टप्प्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. वेगाने वाढणाऱ्या ई. कोलायला आपल्या अख्ख्या गुणसूत्राची प्रत काढायला सुमारे ४० मिनिटं लागतात, आणि प्रत पूर्ण झाल्यापासून विभागणी होईपर्यंत आणखी सुमारे २०. साठ मिनिटांचं काम असताना ती २९ मिनिटांत, चांगल्या माध्यमात २० मिनिटांतही, कशी विभागते? पहिली प्रत पुरी व्हायच्या आधीच दुसरी सुरू होते. आज जन्मणारी पेशी आपल्या लेकींच्या आणि नातींच्या विभागणीसाठीचं प्रत काढणं सुरू असलेलं गुणसूत्र घेऊनच येते.

रेष इतक्या लवकर का वाकली, तेव्हा तर अन्न संपलेलं नव्हतं? न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये साखर जवळजवळ नसते. अन्न म्हणजे पेप्टोनमधली अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड. ई. कोलाय ती सगळी एकदम खात नाही, सेरीनसारखी सोयीची आधी संपवतो आणि मग कमी सोयीच्यांकडे वळतो. प्रत्येक वळणावर वेग थोडा उतरतो. लांबलचक सरळ लॉग रेष हवी असेल तर एकच साखर असलेलं मिनिमल माध्यम घ्या. तिथे वेग कमी मिळेल, पण रेष बराच वेळ सरळ राहील.

स्टेशनरी: ओडी थांबते, पेशी आटोपशीर होतात

संध्याकाळी साडेपाच-सहानंतर ओडी रेंगाळायला लागते. २४ तासांनी दर ओडीमागे पेशी १०४ कोटी, म्हणजे १२० मिनिटांच्या जवळपास दुप्पट. वस्तुमान फारसं वाढत नसतानाही पेशी विभागत राहिल्या आणि प्रत्येकीचा आकार लहान झाला. शून्य मिनिटाचा आकडा ९६ कोटी होता, तो याच्या इतक्या जवळ का, तेही आता लक्षात येईल. ते इनोक्युलमही रात्रभर ठेवलेलं, स्टेशनरीतलंच होतं.

या टप्प्याला विश्रांती म्हणू नका. अमिनो आम्लं कमी पडली की पेशीत पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू साचतो आणि नवे रायबोसोम बनवणं थांबवतो. आरपीओएस हा सिग्मा घटक वाढतो आणि शेकडो जनुकं चालू करतो. आवरण घट्ट होतं, डीपीएस डीएनएला झाकतं, हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज वाढतं. म्हणून स्टेशनरीतली पेशी उष्णता, आम्ल आणि पेरॉक्साइड लॉगमधल्या पेशीपेक्षा पुष्कळ जास्त सोसते. पेनिसिलिनसारखी पेशीभित्तिका बांधण्यात अडथळा आणणारी औषधंही वाढणाऱ्या पेशींना मारतात, थांबलेल्यांवर त्यांचा फारसा जोर चालत नाही. एखाद्या औषधाची चाचणी करताना कल्चर कोणत्या टप्प्यातलं होतं हे लिहिलं नाही, तर त्या निकालाला अर्थ राहत नाही.

एक साधी गोष्ट करून पाहा. सुरुवातीला आणि २४ तासांनी पीएच पट्टी बुडवा. अमिनो आम्लं खाताना अमोनिया सुटतो, म्हणून ब्रॉथ अल्कधर्मी होतो. आमचा ७.२ चा ८.५ च्या वर गेला होता. ब्रॉथमध्ये ग्लुकोज टाकलं असतं तर ॲसेटेट साचून उलट आम्लता वाढली असती. वाढ कशाने थांबली, अन्नाने की पीएचने, हे ओळखायचं असेल तर पट्टीपासून सुरुवात करा.

डेथ: गढूळपणा तसाच

फ्लास्क चार दिवस तसाच शेकरवर ठेवायचा असेल तर पहिल्या संध्याकाळी बाहेरून पाण्याच्या पातळीला मार्करने खूण करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत कापसाच्या बोळ्यातून पाणी उडतं, ब्रॉथ आटतो आणि ओडी न वाढताच वाढते. मोजण्याआधी निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरून घ्या.

९६ तासांनी ओडी २.१ वरून १.८ झाली. नुसता एवढा आकडा असता तर "थोड्या पेशी मेल्या" असं कुणीही लिहिलं असतं. प्लेटवर मात्र २१८ कोटींचे ३.१ कोटी झाले होते. कॉलनी करू शकणाऱ्या शंभरातल्या एक-दीडच उरल्या. मेलेल्या पेशीचं आवरण फुटेपर्यंत ती प्रकाश विखुरतच राहते, आणि कलरीमीटरला जिवंत-मेलेली कळत नाही. म्हणून डेथ फेज ओडीवर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेशी मरतात त्या एका कारणाने नाही. दुरुस्तीला ऊर्जा उरत नाही, ऑक्सिजनमुळे प्रथिनं आणि डीएनएची इजा साठत जाते, भोवती अल्कधर्मी ब्रॉथ असतो. घट लॉगसारखीच असते, उलट दिशेने: ठरावीक वेळात ठरावीक पट. पण ती शून्याला जात नाही. ई. कोलायमध्ये शेकडा एकाच्या आसपास पेशी टिकतात आणि मेलेल्यांमधून बाहेर पडलेलं अन्न खाऊन आठवडे-महिने जगतात. अमेरिकेतल्या हार्वर्डमधल्या एका गटाने १९९३ मध्ये दाखवलं की टिकलेल्यांमध्ये नवी उत्परिवर्तनं पुढे येतात. जुन्या कल्चरमधल्या पेशी ताज्या स्टेशनरी कल्चरमध्ये थोड्या मिसळल्या तरी त्या बाकीच्यांना मागे टाकतात. सापडलेलं पहिलं उत्परिवर्तन आरपीओएसच्याच जनुकात होतं. म्हणून महिनाभर जुन्या फ्लास्कमधला स्ट्रेन तुमचा मूळचाच आहे असं धरू नका. ग्लिसरॉल स्टॉककडे परत जा.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. कॉलनी न करणारी प्रत्येक पेशी मेलेलीच असते असं नाही. काही पेशी जिवंत असूनही नेहमीच्या अगारवर वाढत नाहीत, आणि दोन चिकटलेल्या पेशींची एकच कॉलनी होते. म्हणून वहीत "जिवंत पेशी" असं न लिहिता "कॉलनी करणाऱ्या पेशी" असंच लिहा.

जुन्या इनोक्युलमचा खोटा लॅग

घरी फ्रिजमधल्या चार दिवसांच्या विरजणाने दही लागायला वेळ लागतो, कालच्या विरजणाने लवकर लागतं. फ्लास्कमध्ये हे आकड्यांनिशी दाखवता येतं. ९६ तासांच्या फ्लास्कमधून, ओडी १.८ धरून, २.८ मिली कल्चर १०० मिली ताज्या ब्रॉथमध्ये टाका. सुरुवातीची ओडी पुन्हा ०.०५, पहिल्या प्रयोगाइतकीच. पण यावेळी एका मिलीत कॉलनी करणाऱ्या पेशी सुमारे ८.७ लाख, तेव्हा ४.८ कोटी होत्या. पंचावन्नपट कमी. ही तूट भरून काढायला जवळजवळ सहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि २९ मिनिटांप्रमाणे त्यात पावणेतीन तास जातात. तेवढा वेळ कलरीमीटर मेलेल्यांची ओडी दाखवत स्थिर राहतो, आणि वहीत साडेतीन तासांचा लॅग लिहिला जातो.

असा लॅग दिसला तर दीड तासाला आणि अडीच तासाला एकेक प्लेट लावा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्लेटवर पहिलीच्या तिप्पट-चौपट कॉलनी दिसल्या, तर पेशी केव्हाच लॉगमध्ये होत्या, फक्त मेलेल्यांच्या गर्दीत दिसत नव्हत्या. दोन्ही प्लेटवर संख्या सारखीच आली, तर लॅग खरा. प्लेट मोजून झाल्या की त्या, फ्लास्क आणि सगळ्या नळ्या १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच टाका.